सोमवारी बाहेर काढलेली मरळ

माझ्या थोरल्या भावाच्या घरी फ्रीजसुद्धा श्रावणी सोमवार पाळतो. हे मला यंदाच्या पोळ्यापर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्यांच्याकडे मासा पाठवलाच नसता, माशाचं खवलंसुद्धा पाठवलं नसतं.

आम्ही मूळचे तळ्यातले. आजा, बाप, काका, सगळे जाळं टाकणारे. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात मी अजूनही तेच करते. म्हणजे नवरा आणि दीर तळ्यात उतरतात आणि मी बाजारात बसते. घरी एक मोठं डीप फ्रीजर आहे, न विकलेला माल त्यात जातो. भाऊ मात्र मोहाडीला जाऊन तांदळाचा व्यापारी झाला. धंदा बदलला याचं मला काही नाही. पण तांदळासोबत त्यानं मान अशी काही ताठ केली की आता गल्ल्यावर बसून तो आमच्या जातीचं नाव घेताना घसा खाकरतो. घरी मासा लागतो, चांगला दोन-दोन वेळा वाढून लागतो, पण शेजाऱ्याला कळता कामा नये. मासा आणायचा तो स्टीलच्या डब्यात, वर रुमाल बांधून. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, ते त्या घराकडे बघूनच म्हटलं असावं.

त्याची मुलगी, माझी भाची, या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या आमच्या तळ्यावर काढायची, हातानं झिंगे वेचायची, आणि त्या घरातलं एकुलतं एक माणूस आहे ज्याच्याशी बोलताना मला दात आवळावे लागत नाहीत. सातवा महिना सरला होता. फोनवर म्हणाली, "आत्या, काही खाऊशी वाटत नाही. फक्त मरळीचा रस्सा खाऊशी वाटते. तू करशील तसा."

जिवतीच्या आधी, म्हणजे श्रावण लागायच्या तोंडावर, मी तिच्यासाठी मरळ पाठवली. साफ करून, तुकडे करून, पिशवीत एक-एक तुकडा सुटा पसरून, सपाट गोठवलेली. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून नवऱ्यानं ती मोहाडीला नेऊन दिली. महिनाभर घरात कुणी मासा खाणार नव्हतं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी आमच्याकडे घराघरात मटण-मासे शिजतात. तेव्हा मी जाऊन रस्सा करायचा, असं ठरलं. फ्रीजरमध्ये महिनाभर मरळ राहते. त्यात नवल काही नाही, हात लावला नाही म्हणजे झालं.

करीच्या दिवशी सकाळी मी निघाले. हातात आणखी एक थर्माकोलचा डबा होता, त्यात माझ्या फ्रीजरमधली थोडी मरळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी वादळात आमच्याकडची विजेची लाइन तुटली होती, आणि ती परत आल्यावर माल निवडताना मी ही थोडी वेगळी ठेवली होती. पाहुणे वाढले तर असावी म्हणून घेतली. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं नाक मुरडून तोंड खिडकीकडे केलं. ती भावाच्या घरची पाहुणी शोभली असती.

घरी पोचले तर वहिनी स्वयंपाकघरात होती. ओट्यावर स्टीलचा मोठा गंज, गंजात माझी मरळ.

मी पाहिलं आणि पाहतच राहिले. पाठवली होती सपाट, सुटे तुकडे. समोर होता एक गोळा. सगळे तुकडे पिशवीच्या एका कोपऱ्यात घसरून एकमेकांना चिकटलेले, आणि खाली लालसर पाणी गोठून त्याचा थर झालेला. मी या धंद्यात केस पांढरे केलेत. ही पिशवी विरघळून पुन्हा गोठली हे मला सांगायला कुणी लागत नाही. माशातलं पाणी एकदा सुटलं की ते परत माशात जात नाही, खाली जाऊन बसतं आणि तिथंच गोठतं.

"वहिनी, लाइन गेली होती का इकडं?"

"नाही वो बाई. लाइन कुठं गेली? आपल्याकडं इन्व्हर्टर आहे ना."

"मग हे विरघळलं कसं?"

"विरघळलं नाही. बाहेर ठेवलं होतं."

मला वाटलं, एखादे वेळी कुणी चुकून काढलं असेल. पण वहिनी हातातला चाकू ठेवून अशी काही अभिमानानं सांगायला लागली, जशी तिनं काशीयात्रा केली होती. श्रावणात फ्रीजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दही-दूध असतं. वरच्या कप्प्यात मासा आणि खालच्या कप्प्यात पंचामृताचं दूध, हे तिच्या मनाला पटेना. मग तिनं युक्ती काढली. दर सोमवारी सकाळी अंघोळ झाली की माशाची पिशवी फ्रीजमधून काढायची, मागच्या अंगणात मोरीजवळ पाण्याच्या बादलीत ठेवायची, वर ओलं पोतं टाकायचं, फ्रीज आतून गोमूत्र शिंपडून पुसायचा आणि मग नैवेद्य आत ठेवायचा. संध्याकाळी महादेवाचा दिवा लावून उपवास सुटला, की पिशवी परत फ्रीजरमध्ये.

"दर सोमवारी?" मी विचारलं.

"दर सोमवारी. एकही चुकला नाही," ती म्हणाली.

बाकी दिवस मासा आणि दूध एका फ्रीजमध्ये चालत होते. म्हणजे महादेव फक्त सोमवारी दार उघडून बघतो, एरवी त्याला वेळ नसतो, असा त्या घराचा हिशोब. मी देवाला मानते. पण देवाला इतकं मूर्ख समजणारी भक्ती मी आजवर पाहिली नव्हती.

श्रावणातला दिवस म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पाऊस पडून गेला की वरून ऊन, खालून वाफ, अंगाला कपडा चिकटतो. बादलीतलं पाणी घटकाभर गार राहिलं असेल, मग ते अंगणाच्या हवेइतकं कोमट झालं. पिशवीतला बर्फ दुपारच्या आत गेला असणार. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कच्चा मासा कोमट पाण्यात. मग परत फ्रीजर. आठवडाभर दगड. मग परत सोमवार.

आणि त्यांना वाटतं की बर्फानं सगळं मरतं. बर्फानं जंतू मरत नाहीत, निजतात. ऊब मिळाली की उठतात आणि खायला बसतात. त्या घरात सोमवारी माणसं उपाशी होती आणि मरळीतले जंतू मेजवानी झोडत होते. संध्याकाळी त्यांना पोटभर झाल्यावर वहिनीनं परत निजवलं, आणि दुसऱ्या सोमवारी ते दुप्पट-तिप्पट होऊन उठले.

"हे फेकून द्या," मी म्हटलं.

"काहून? वास येऊन राहिला का? पहा ना, काही वास नाही."

"गोठलेल्याला वास कुठला येईल? आणि वास नाही म्हणजे चांगलं, असं थोडंच असतं?"

"मी चांगलं उकळून घेतो ना बाई. तीन शिट्ट्या देतो. उकळलं का सगळं मरते."

"जंतू मरतात. त्यांनी जे विष करून ठेवलं ते शिट्ट्यांनी जात नाही. सगळंच काही उकळून धुऊन निघत नाही, वहिनी. आणि हे तुम्ही पोटुशी पोरीला देणार?"

वहिनीचं तोंड पडलं. पण लगेच तिनं मान वर केली, कारण तिला तिचं शास्त्र आठवलं. तिच्या मोबाईलवर रोज शास्त्र येतं. मागल्या हिवाळ्यात याच बाईनं एक किलोच्या वर मटण उकिरड्यावर टाकलं होतं. ते रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळवलं होतं, पाहुणे आलेच नाहीत, सकाळी हाताला बर्फासारखं गार लागत होतं. असं फ्रीजमध्येच विरघळलेलं, गारच राहिलेलं मटण खुशाल परत गोठवता येतं. थोडा रस जातो, शिजल्यावर जरा कोरडं लागतं, एवढंच. पण मोबाईलवर कुणीतरी लिहिलं होतं की एकदा विरघळलं की परत गोठवायचं नाही, विष होतं. झालं. कुत्र्यांची दिवाळी झाली आणि ही महिनाभर ज्याला-त्याला तो संदेश दाखवत हिंडली.

मी तिला तेच विचारलं. "मटण टाकलं होतं ना तुम्ही? परत गोठवायचं नाही म्हणून? मग हे?"

"ते विरघळवलं होतं, बाई. हे विरघळवलं नाही. हे सोवळ्यासाठी बाहेर ठेवलं होतं."

मला हसायला पण येईना. त्या बाईच्या डोक्यात मासा आपला हेतू बघून विरघळतो. स्वयंपाकासाठी बाहेर काढला तर विरघळतो, देवासाठी काढला तर तसाच राहतो. चांगलं फ्रीजमधलं मटण हिनं विष म्हणून टाकलं आणि अंगणात पडलेलं विष प्रसादासारखं सांभाळून ठेवलं. अक्कल गहाण ठेवली असती तर कधीतरी सोडवून आणता आली असती; हिनं ती विकूनच टाकलीय.

तेवढ्यात भाऊ आत आला. कपाळाला गंध, अंगावर पांढरा कडक सदरा. बाहेर ओसरीवर त्याचे दोन दुकानदार मित्र बसले होते, म्हणून हळू आवाजात बोलला.

"काय झालं बाई? आल्या-आल्या तोंड सुरू?"

मी सांगितलं. त्यानं ऐकलं आणि वहिनीवर न रागावता माझ्यावर रागावला. तो नेहमी असंच करतो.

"मग तू कोणता मासा आणला त्या डब्यात?"

"मरळच. आमच्या फ्रीजरातली."

"तुझ्याकडं तर लाइन गेली होती म्हणे. फोनवर तूच सांगितलं. म्हणजे तुझीबी विरघळून परत गोठली. मग तुझी चांगली अन् आमची खराब? हे कसं?"

वहिनीच्या चेहऱ्यावर हसू परतलं. "हौ ना. यांची दोनदा गोठली ते चालते!"

मला राग आला होताच, पण उत्तर द्यावंच लागलं, कारण भाची दारात येऊन उभी होती. एक हात कमरेवर, एक चौकटीवर. ती ऐकत होती, आणि मला तिच्यासाठी नीट बोलायचं होतं.

मी सांगितलं की आमच्याकडे पहाटे लाइन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मधे मी झाकण उघडलं नाही, कुणाला उघडू दिलं नाही. फ्रीजर माशानं भरलेलं होतं. भरलेलं आणि बंद फ्रीजर एक दिवस सहज थंडी धरून ठेवतं; झाकण उघडून-उघडून बघणाराच त्याचा नाश करतो. लाइन आल्यावर उघडलं आणि एक-एक पिशवी हातात घेतली. तळाचा माल दगडासारखा होता. मधल्या पिशव्यांचे तुकडे कडेनं नरम होते, पण आत बर्फाच्या सुया होत्या, दाबलं की करकर वाजत होत्या. त्या परत गोठवल्या. झाकणाखाली काही पिशव्या पूर्ण नरम झाल्या होत्या, पण फ्रीजमधल्या दुधाइतक्या गार होत्या; त्यांचा त्याच दिवशी रस्सा केला आणि उरलेला रस्सा गोठवला. आणि कोपऱ्यातल्या ज्या दोन-तीन हाताला कोमट लागल्या, त्या मी बांधावर खड्डा करून पुरल्या. आमच्या कष्टाचा माल होता, जीव तुटला, पण पुरल्या.

"डब्यात आणली ती बर्फाच्या सुयांवाली," मी म्हटलं. "विरघळून गोठली म्हणून काही बिघडत नाही, दादा. ती विरघळली तेव्हा किती गार होती, त्यावर सगळं आहे. माझी गारव्यातून बाहेर आलीच नाही. तुमची दर सोमवारी दिवसभर अंगणात पडली. थोडी नरम लागेल माझी, तळायला नाही घेणार मी, रश्श्यात चालते."

भावानं हात झटकला. "आमच्या घरी असलं दोनदा गोठलेलं पोरीले देत नाही आम्ही. तिची आई महिनाभर सोवळ्यात राहिली तिच्यासाठी."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. आजा तळ्याच्या काठावर मासा फाडून, हुंगून, कल्ला उलटून सांगायचा की हा आज खा, हा टाक. त्याचा नातू तांदळाच्या पोत्यावर बसून सांगतो की मासा कुणाच्या सोवळ्यानं चांगला राहतो. मला त्या क्षणी त्याची शिसारी आली. सख्खा भाऊ असून आली, आणि ते मी लपवत नाही.

भाचीनं विचारलं, "आई, खरंच दिवसभर बाहेर होतं? मोरीजवळ?"

"पाण्यात होतं ना बाळ. सावलीत."

"मी नाही खात ते."

एवढंच बोलली. पण तिच्या बोलण्यावर भाऊ नमला, कारण पोटुशी बाईचं मन मोडू नये हेही त्याच्या शास्त्रात आहे. कधी कधी असं शास्त्र कामी येतं. "ठीक आहे, आत्याची कर," तो म्हणाला आणि मित्रांकडे निघून गेला. जाताना सदऱ्याची बाही हुंगून बघितली, वास लागला की काय म्हणून.

मी माझा डबा उघडला. मसाला वाटायला घेतला. वाटलं, चला, मिटलं. माझी भाची वाचली, मला एवढंच हवं होतं.

मागं वळले तर वहिनी गंजातला तो गोळा दुसऱ्या पिशवीत घालत होती. नीट, गाठ मारून.

"कुठं ठेवता?"

"ठेवत नाही. भांडेवाली येईल आता, तिले देऊन टाकतो. तिच्या घरी सणाचं काही होत नाही. फेकण्यापेक्षा बरं."

जे आपल्या पोरीला विष आहे हे पटलं, ते दुसऱ्याच्या घरी सण म्हणून द्यायचं, आणि तेही उपकाराच्या चेहऱ्यानं. तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की ती पुण्य करून राहिली. मी ते बघूनच चडफडले.

"वहिनी, तिच्याही घरी लेकरं आहेत," मी म्हटलं.

"त्यायले सवय असते बाई. त्यायले काही होत नाही."

दार वाजलं. भांडेवाली मागच्या दारानं आत आली, पदर खोचला, खरकट्या भांड्यांकडे वळली. वहिनीनं पिशवी परत गंजात ठेवली, वर झाकण ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "आज तुले मरळ देतो हो. चांगली मोठी आहे. करीचा दिवस आहे."

भांडेवालीचा चेहरा फुलला. तो फुललेला चेहरा बघणं मला सगळ्यात जड गेलं. मी वाटण सोडून पुढे झाले, पण माझ्या आधी भाची पोचली.

ती दारातून निघाली तेव्हा मला वाटलं, पाणी प्यायला चाललीय. तिनं मागच्या दाराजवळच्या फळीवरून फिनाईलची बाटली काढली, टोपण फिरवलं, गंजाचं झाकण उचललं, आणि चाकूनं पिशवी फाडून बाटली त्यावर उलटी केली. घाईनं नाही. शेवटच्या थेंबापर्यंत. पांढरं फेसाळ पाणी त्या गोळ्यावरून ओघळत गंजाच्या काठापर्यंत आलं. मग ती भांडेवालीला म्हणाली, "मावशी, ते खराब होतं. आईले माहीत नव्हतं. तुम्ही थांबा, आत्या रस्सा करून राहिली, त्यातला गरम घेऊन जा. आपण संगंच जेवू."

आईला माहीत नव्हतं, असं म्हणून तिनं आईची लाज राखली. मी असते तर राखली नसती. आणि त्या घरात इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणाचा तरी अभिमान वाटला, डोळे भरून आले, मी ते कांद्यावर ढकललं.

वहिनी गंजाजवळ गेली. आत वाकून बघितलं. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल. लेकीकडे बघेल, त्या बाईकडे बघेल, मान खाली घालेल.

ती म्हणाली, "चांगला गंज नासवला वो पोरी. आता याचा वास किती दिवस जायचा नाही."